टेक पॅक: एका कुर्त्याच्या मापांपासून टॉलरन्सपर्यंत

टेक पॅक म्हणजे डिझायनरनं फॅक्टरीला दिलेली लेखी सूचना. स्केच, कापडाचा तपशील, शिलाईची पद्धत, मापं, लेबल, पॅकिंग हे सगळं त्यात असतं. पण माल तयार झाल्यावर वाद होतो तो बहुतेक वेळा मापांच्या पानावरून. छाती अर्धा इंच कमी आली तर माल नापास की पास? माप धुण्याआधीचं की नंतरचं? मुंढा सरळ मोजला की गोल? याची उत्तरं कागदावर नसतील तर फॅक्टरी आपल्या सवयीनं ती ठरवते, आणि त्यात तिची चूक नसते.

म्हणून इथे एकच कुर्ता घेऊन पूर्ण टेक पॅक बांधू. बाघ प्रिंटच्या सुती कॅम्ब्रिकचा सरळ कुर्ता, गोल गळा, पुढे बटणपट्टी, पाऊण बाही, दोन्ही बाजूंना साइड कट. छपाई धार जिल्ह्यातल्या बाघला झालेली, शिलाई इंदूरला परदेशीपुऱ्याच्या रेडीमेड कॉम्प्लेक्समधल्या एखाद्या युनिटमध्ये, एकूण ४०० नग: एस ८०, एम १२०, एल १२०, एक्सएल ८०. शिवून झाल्यावर कुर्ता एकदा धुऊन, इस्त्री करून पॅक व्हायचा आहे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढची सगळी गणितं तिच्यावर उभी आहेत.

पहिलं पान आणि स्केच

पहिल्या पानावर स्टाइल नंबर, साइझ रेंज, बेस साइझ (इथे एम), कापडाचं एका ओळीतलं वर्णन, तारीख आणि आवृत्ती क्रमांक येतो. आवृत्ती प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हवी, फक्त पहिल्यावर नाही. कटिंग टेबलपाशी पूर्ण फाइल कधीच नसते. तिथे टाचणीनं लावलेलं मापांचं एक पान असतं, आणि ते जुन्या आवृत्तीचं आहे हे त्या पानावरूनच कळायला हवं.

स्केच पुढून आणि मागून, सपाट ठेवलेल्या कपड्याचं, प्रमाणात. फॅशनच्या चित्रातली लांबलचक मुलगी इथे उपयोगाची नाही. बटणपट्टी, गळ्याची पट्टी, साइड कटचं टोक यांची मोठी चित्रं वेगळी काढा. साइड कट जिथे सुरू होतो तिथे बारटॅक हवा की आतून कापडाचा तुकडा, हे लहान चित्रात दिसतच नाही आणि कुर्ता सगळ्यात आधी तिथेच फाटतो. बाण आणि खुणा काळ्या रंगातच ठेवा. ते पान फॅक्टरीत काळं-पांढरं छापलं जातं, मग लाल बाण शिलाईचा आणि निळा बाण मापाचा असा भेद उरत नाही.

सामानाची यादी

यात प्रत्येक वस्तूला एक ओळ: काय, कुठे लागतं, एका नगाला किती, रंग, आणि कोण पुरवणार. शेवटचा रकाना बरेच जण गाळतात आणि मग कापड आलं पण काज-बटणावाचून माल अडकला अशी वेळ येते. आपल्या कुर्त्यात छापील कॅम्ब्रिक, ४४ इंच पन्हा, नगाला सुमारे अडीच मीटर. पुढचा भाग आणि एक बाही, मागचा भाग आणि दुसरी बाही असे पन्ह्यात शेजारी बसतात, त्यामुळे खप म्हणजे साधारण लांबीच्या दुप्पट. बटणपट्टीला आणि गळ्याच्या पट्टीला फ्यूजिंग. बटणं चार, वर एक जादा, आकार १८ लाइन. ४० लाइनचा एक इंच होतो, म्हणजे बटण साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. दोरा, मुख्य लेबल, साइझ लेबल, धुण्याच्या सूचनांचं लेबल, टॅग, पिशवी.

हातछपाईच्या कापडाला रंगाची मर्यादा वेगळ्या पद्धतीनं द्यावी लागते. मिलच्या रंगीत कापडाला रंगाच्या कार्डाचा नंबर चालतो. बाघचा लाल आणि काळा मात्र भट्टीगणिक थोडा हलतो, त्याला एक नंबर लावणं म्हणजे जे शक्य नाही ते मागणं. त्याऐवजी तीन तुकडे मंजूर करून चिकटवा: मूळ रंग, चालेल असा सगळ्यात फिका, चालेल असा सगळ्यात गडद. ठशांच्या जोडात किती सरकलेलं चालेल तेही लिहा, उदाहरणार्थ ⅛ इंचापर्यंत. आणि एक वाक्य ठळक अक्षरात: एका कुर्त्याचे सगळे भाग एकाच ठाणातून. नाहीतर दोन ठाणं मर्यादेत असूनही बाही एका लालची आणि अंग दुसऱ्या लालचं होतं, आणि प्रत्येक भाग नियमात असल्यामुळे कुणाला हरकतही घेता येत नाही.

शिलाईचं पान

इथे प्रत्येक जोडाची ओळ. कॅम्ब्रिकला इंचाला १२ टाके, ११ नंबरची सुई. टाके इंचाला आठवर आले तर ताण पडल्यावर शिवण उघडून दोरा दिसतो. सोळा-सतरावर गेले तर पातळ कापड आखडून शिवणीत चुण्या पडतात. १४ नंबरची जाड सुई कॅम्ब्रिकमध्ये भोकं सोडते आणि ती इस्त्रीनं जात नाहीत. शिलाई मार्जिन भागागणिक द्या: बाजूला ½ इंच, मुंढ्याला ⅜, गळ्याला ¼. गळ्याचा गोल कापल्यावर आडव्या-उभ्या धाग्यांच्या मधल्या तिरप्या दिशेत ताणतो, म्हणून पट्टी लावण्याआधी कडेनं एक साधी टीप मारायची हेही लिहा.

हे मार्जिन पुढे मापांशी कसं जोडलेलं आहे ते बघू.

मापांचं पान

सुरुवात मोजण्याच्या पद्धतीपासून. पानाच्या माथ्यावर चार गोष्टी लिहून टाका. कपडा सपाट टेबलावर, बटणं लावून, न ताणता, हातानं सारखा करून. मापं इंचात. रुंदीची सगळी मापं अर्धी, म्हणजे सपाट ठेवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सगळी मापं धुऊन, सुकवून, इस्त्री झाल्यानंतरची.

मग प्रत्येक मापाचा आरंभ आणि शेवट. छाती मुंढ्याच्या खालच्या टोकापासून १ इंच खाली. लांबी खांद्याच्या सगळ्यात उंच बिंदूपासून, जिथे खांदा गळ्याला भेटतो. आता तो बिंदू खांद्याच्या शिवणीवर की दुमडीवर? शिवण थोडी पुढे ओढलेली असेल तर दोन्हींत पाव-अर्धा इंच फरक पडतो, म्हणून ‘दुमडीवर’ हा एक शब्द लिहायलाच हवा. मुंढ्याचंही तसंच. ‘ताई, मुंढा सरळ की गोल?’ असा प्रश्न मास्टरनं फोनवर विचारला तर समजावं, की पान अपुरं आहे. खांद्याच्या टोकापासून काखेपर्यंत सरळ रेषेत आणि वळणावरून टेप फिरवून येणारी मापं वेगवेगळी असतात, आणि जो विचारत नाही तो आपल्या मनानं एक निवडतो.

आकडे लिहिण्याची रीतही ठरवा. इंदूरच्या कटिंग टेबलावर हिशोब सुतांत होतो, एक इंचाची आठ सुतं. कॉम्प्युटरच्या शीटवरून आलेलं २०.४ हे माप कुणी ‘वीस इंच चार सूत’ असं वाचलं तर ते साडेवीस होतं. म्हणून दशांश टाळा आणि ⅛च्या पटीत गोल करून ½, ¼, ⅜ असंच लिहा. सेंटिमीटरमध्ये काम करायचं असेल तर सगळी फाइल सेंटिमीटरमध्ये. एका पानावर दोन्ही नकोत.

आपल्या कुर्त्याची एम साइझ अशी. टॉलरन्स म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा किती कमी-जास्त आलं तरी नग पास धरायचा ती मर्यादा:

| माप (इंच, धुतल्यानंतर) | एम | टॉलरन्स | साइझमधला फरक |
|---|---|---|---|
| लांबी, खांद्याच्या उंच बिंदूपासून | ४४ | ±½ | ½ |
| छाती, अर्धी | २० | ±¼ | १ |
| हिप, अर्धी | २१½ | ±¼ | १ |
| घेर, अर्धा | २३ | ±½ | १ |
| खांदा, टोकापासून टोकापर्यंत | १४½ | ±¼ | ½ |
| मुंढा, सरळ | ८½ | ±¼ | ⅜ |
| बाहीची लांबी | १७ | ±¼ | ¼ |
| मोरी, अर्धी | ५½ | ±⅛ | ¼ |
| गळ्याची रुंदी | ६½ | ±⅛ | ⅛ |
| बटणपट्टीची लांबी | ९ | ±⅛ | ० |
| साइड कटची उंची | २२ | ±¼ | ० |

खऱ्या पानावर कंबर, पुढच्या गळ्याची खोली, बटणांमधलं अंतर अशा आणखी ओळी असतात. विचार करण्याची पद्धत दाखवायला इतक्या पुरेत.

टॉलरन्स कुठून येतो

जुन्या फाइलमधून ±½ उचलून सगळ्या ओळींवर लावायची सवय फार दिसते. छातीच्या ओळीवर ते लावून बघा. एम साइझची अर्धी छाती २०, एलची २१. ±½ दिला तर एमचा सगळ्यात मोठा पास नग २०½ आणि एलचा सगळ्यात लहान पास नगही २०½. म्हणजे दोन वेगळ्या लेबलांचा एकच कुर्ता, दोन्ही तपासणीत पास. ग्राहक एम परत करून एल मागवते आणि तिला पुन्हा तेच माप मिळतं. ±¼ दिला की एम २०¼ला संपतो, एल २०¾ला सुरू होतो, मध्ये अर्धा इंच अंतर राहतं. ज्या मापावरून ग्राहक साइझ निवडते तिथला टॉलरन्स साइझमधल्या फरकाच्या निम्म्याहून कमी हवाच, आणि शक्यतो पावपट.

ही चूक बहुधा अर्ध्या आणि पूर्ण मापाच्या घोटाळ्यातून होते. पूर्ण छातीला ±½ योग्य आहे. तोच आकडा अर्ध्या छातीच्या ओळीत आला की प्रत्यक्षात ±१ इंच झाला.

लांबीला मात्र हा नियम लावायची गरज नाही. तिथे साइझमधला फरकच अर्धा इंच आहे, ±½नं साइझ एकमेकांवर चढतात आणि ते चालतं, कारण लांबी अर्ध्या इंचानं कमी-जास्त झाली म्हणून कुणी साइझ बदलत नाही. खांद्यालाही ±¼नं एम आणि एल टोकाला भिडतात. तिथे ±⅛ मागितला तर फॅक्टरी तो कबूल करील पण पाळू शकणार नाही, आणि पाळता न येणारा आकडा पानावर असला की बाकीचे आकडेही कुणी गांभीर्यानं घेत नाही.

आता फॅक्टरीच्या बाजूनं बघू, कारण टॉलरन्स हे फॅक्टरीला दिलेलं खर्चाचं बजेट आहे. ±¼ म्हणजे दोन सूत. ते कशात खर्च होतं? बाजूच्या शिवणीला ½ इंच मार्जिन सांगितलं आहे. कारागिरानं दोन्ही बाजूंना फक्त एक-एक सूत जास्त घेतलं, तर पुढच्या भागाची रुंदी दोन्हीकडून मिळून ¼ इंच कमी होते. अर्धी छाती २०ची १९¾ झाली. सगळं बजेट एका सुताच्या सवयीत संपलं. कटिंगचंही तसंच. थर उंच लावला की सुरी वळणावर कलते आणि वरच्या थराचा तुकडा खालच्या थरापेक्षा वेगळा निघतो. म्हणून शिलाईच्या पानावर किंवा कटिंगच्या सूचनेत लिहा: गठ्ठ्याचा वरचा, मधला आणि खालचा तुकडा पॅटर्नवर ठेवून बघायचा, फरक ⅛च्या आत हवा.

तिसरा खर्च कापडाच्या आटण्याचा, आणि तो सगळ्यात मोठा. ४४ इंच लांबीवर एक टक्का म्हणजे ०.४४ इंच, जवळपास अर्धा. आटण्याचा अंदाज एका टक्क्यानं चुकला तर लांबीचा टॉलरन्स शिलाई सुरू होण्याआधीच गेला. २० इंच छातीवर एक टक्का ०.२ इंच, म्हणजे तिथेही बहुतेक सगळा. यावर टॉलरन्स वाढवणं हा उपाय नाही. कापड आधी तपासणं हा आहे.

आटणं मोजून पॅटर्नमध्ये घालणं

प्रत्येक लॉटमधून एक मोठा तुकडा घ्या, त्यावर पक्क्या पेननं ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना तीन-तीन ठिकाणी खुणा करा. कुर्ता जसा धुतला जाणार आहे तसाच तुकडा धुवा, तसाच सुकवा, तशीच इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. उभी खूण ५०ची ४८ झाली तर आटणं ४ टक्के. आडवी ४९ झाली तर २ टक्के. बाघचं कापड छपाईच्या प्रक्रियेत अनेकदा धुतलेलं असतं, म्हणून ते आता आटणार नाही असं धरून चालू नका. सुकवताना आणि ठाण करताना ते ओढलं गेलं असेल तर पुढच्या धुण्यात ते परत येतं.

पॅटर्नचं गणित भागाकारानं करायचं. धुतल्यावर ४४ हवं आणि कापड ४ टक्के आटतं, तर ४४ भागिले ०.९६, म्हणजे ४५.८३, गोल करून ४५⅞. नुसते चार टक्के वाढवले तर ४५.७६ येतं. एवढ्यावर फरक अर्ध्या सुताचा आहे, पण आटणं सात-आठ टक्के असलेल्या कापडात तो दोन सुतांच्या आसपास जातो. छातीसाठी २० भागिले ०.९८, म्हणजे २०⅜च्या जवळ. शिलाई मार्जिन त्यावर वेगळं.

टेक पॅकमध्ये तुम्ही धुतल्यानंतरचं माप लिहायचं आणि पॅटर्नमधली वाढ फॅक्टरीच्या मास्टरनं घालायची. दोघांनी घातली तर कुर्ता दोन इंच लांब येतो. म्हणून मापांच्या पानावर एक ओळ हवी: ‘ही तयार मापं आहेत, यात आटण्याची वाढ धरलेली नाही.’ दोन लॉटच्या आटण्यात एक टक्क्याहून जास्त फरक निघाला तर दोन पॅटर्न करा आणि लॉट वेगळे कापा. ४०० नगांत हे कंटाळवाणं वाटतं, पण चाळीस-पन्नास आखूड कुर्ते दुरुस्त करण्याचा मार्गच नसतो. लांब कुर्ता कापता येतो, आखूड वाढवता येत नाही. फ्यूजिंगचा तुकडाही कापडावर चिकटवून याच वेळी धुऊन बघावा. कापड आटलं आणि फ्यूजिंग आटलं नाही, तर बटणपट्टीवर फुगे येतात, आणि ते पहिल्या धुण्यानंतरच दिसतात.

± पुरेसा नसतो तिथे

साइड कटची ओळ बघा, २२ ±¼. एका कुर्त्याचा डावा कट २२¼ आणि उजवा २१¾ आला. दोन्ही पास. पण अंगावर घातल्यावर अर्ध्या इंचाचा फरक स्पष्ट दिसतो, कुर्ता एका बाजूला ओढल्यासारखा लटकतो. अशा जोडीच्या मापांना दुसरी अट लागते: डाव्या-उजव्यातला फरक जास्तीत जास्त ⅛. बाह्यांची लांबी, दोन्ही मोऱ्या, साइड कट, पुढच्या-मागच्या भागाच्या बाजूच्या शिवणी या सगळ्यांना ती द्या. कपडा वाकडा दिसण्याची बहुतेक कारणं या अटीत पकडली जातात, मूळ टॉलरन्समध्ये नाही.

काही मापांना एकाच बाजूचा टॉलरन्स हवा. हाच कुर्ता बटणपट्टीशिवाय, डोक्यातून घालायचा केला तर गळ्याचा पूर्ण घेर डोक्याच्या घेरापेक्षा मोठा राहायलाच हवा. मोठ्या बाईच्या डोक्याचा घेर साधारण २२ ते २३ इंच धरला तर गळा २४ इंच, टॉलरन्स +½, −०. वजा बाजूला काहीही दिलं तर पास झालेला नग डोक्यातून जाणार नाही. काजाचंही असंच आहे, लहान काज चालत नाही, किंचित मोठा चालतो.

नमुना आल्यावर

एम साइझचा फिट नमुना आला. मोजणी अशी निघाली: छाती १९¾, लांबी ४३⅜, डावा कट २२¼, उजवा २१⅞. छाती मर्यादेच्या काठावर पण पास. लांबी ⅝नं कमी, नापास. कट दोन्ही पास, पण एकमेकांत ⅜ फरक, म्हणून नापास.

इथे ‘लांबी वाढवा’ एवढं लिहून पाठवणं अर्धवट काम आहे. आधी विचारा, नमुना धुतलेला आहे का, आणि पॅटर्नची लांबी किती होती. समजा उत्तर आलं, पॅटर्न ४५⅜, नमुना धुतलेला आहे. ४४ला ०.९७नं भागलं की ४५.३६ येतं, म्हणजे मास्टरनं ३ टक्के आटणं धरलं होतं. प्रत्यक्षात ४५⅜चं ४३⅜ झालं, दोन इंच गेले, म्हणजे सुमारे ४.४ टक्के. आता शेरा नेमका होतो: आटणं ४.४ टक्के धरून पॅटर्नची लांबी ४६ करा. ४६मधून ४.४ टक्के गेले की ४४च्या जवळ येतं. छातीच्या शेऱ्यात ‘पास’ न लिहिता ‘खालच्या मर्यादेवर, बाजूचं मार्जिन तपासा’ असं लिहा. नमुना काठावर असेल तर ४०० नगांतले बरेच काठाबाहेर पडणार, कारण नमुना सगळ्यात चांगला कारागीर शिवतो.

या शेऱ्यांनंतर बदललेली मापं नव्या आवृत्तीत जायला हवीत. व्हॉट्सॲपवर ‘लांबी ठीक करा’ असा निरोप गेला आणि फाइलमध्ये जुनाच आकडा राहिला, तर तीन आठवड्यांनी दोन्हींतलं खरं कोणतं हे कुणालाच सांगता येत नाही. बदललेल्या ओळीवर तारीख टाका, आणि जुनी पानं टेबलावरून काढून टाकायला सांगा.

मंजूर झालेला नमुना सील करून एक प्रत तुमच्याकडे, एक फॅक्टरीकडे ठेवतात. तो आणि टेक पॅक यांत फरक निघाला तर काय धरायचं, हे पहिल्या पानावर आधीच लिहा. सोयीची पद्धत अशी: माप आणि टॉलरन्ससाठी टेक पॅक, कापडाचा हात, रंग आणि शिलाईच्या सफाईसाठी सील केलेला नमुना. सील केलेल्या नमुन्याची लांबी ४४¼ असली म्हणून ४४¾ पास होत नाही, मोजणी नेहमी ४४पासूनच.

तपासणीची ओळ

शेवटच्या पानावर लेबल कुठे, घडी कशी, पिशवीत किती, बॉक्सवर काय लिहायचं हे येतं. टॅगवरचा एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा संपर्क हा मजकूर तुम्ही टाइप करून द्या, फॅक्टरीवर सोडू नका.

आणि माल कसा तपासला जाणार तेही त्याच पानावर हवं. आयएसओ २८५९-१ च्या तक्त्यात सर्वसाधारण पातळी दोनला २८१ ते ५०० नगांच्या लॉटमधून ५० नग काढतात. एक्यूएल म्हणजे लॉटमध्ये सदोष नगांचं चालवून घेण्याजोगं प्रमाण; ते २.५ ठरवलं असेल तर ५०मध्ये ३ सदोष नगांपर्यंत लॉट पास, चौथा निघाला की नापास. मापांसाठी पन्नासही नग सगळ्या ओळींवर मोजणं वेळखाऊ असतं, म्हणून बरेच जण प्रत्येक साइझचे पाचेक नग पूर्ण मोजतात आणि बाकीच्यांची छाती, हिप, लांबी आणि डाव्या-उजव्यातला फरक एवढंच बघतात. तुम्ही यांपैकी जे निवडाल ते लिहा, आणि नग कुठून काढायचे तेही: वेगवेगळ्या बॉक्समधून, वेगवेगळ्या लॉटमधून, तपासणाऱ्यानं स्वतः निवडून. मोजण्याआधी कुर्ता इस्त्रीनंतर किमान काही तास मोकळा पडलेला असावा. इस्त्रीच्या वाफेनं ओढलेलं कॅम्ब्रिक गरम असताना दोन-तीन सूत लांब दिसतं, आणि पिशवीत गेल्यावर परत आपल्या जागी येतं.